मुदतवाढ: आधी एक आठवडा मागावा की एकदाच तीन?

प्रश्नकर्ती: एका क्लायंटसाठी बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर करतोय. 30 जूनला चालू करून द्यायचं ठरलंय. आज 9 जून. प्रोग्रॅम तयार आहे, पण जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात आणून पाहिला तर 3,100 ग्राहकखात्यांची बाकी जुळेना. 30 जूननंतर अजून तीन आठवडे तरी लागतील. साहेब म्हणतात, आत्ता एकच आठवडा मागा, पुढचं पुढे बघू. काय करावं?

डेटावाला: एकदाच मागा. क्लायंट तुमच्या तारखेवर स्वतःची कामं बेततो: प्रशिक्षण, माणसांच्या रजा, जुनी सिस्टीम बंद करणं. आठवडाभराने तुम्ही पुन्हा दारात उभे राहिलात की ते सगळं दुसऱ्यांदा हलवावं लागतं, आणि तिसऱ्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पण "तीन आठवडे" हाही अजून अंदाजच आहे. आधी त्या 3,100 खात्यांची वर्गवारी करा. फोन नंबरपुढे शून्य, नावातल्या मोकळ्या जागा असली खाती स्क्रिप्टने सुटतील. उरलेल्यांत एकाच ग्राहकाची दोन खाती आणि दोन वेगळ्या बाक्या असतील. खरी बाकी कोणती हे तुम्ही ठरवूच शकत नाही, ते त्यांच्या हिशेबनिसानेच सांगायचं.

प्रश्नकर्ती: पाहिलं. साधारण 2,000 स्क्रिप्टने सुटतील, 1,100 त्यांच्याकडे पाठवावी लागतील.

नवा टीम लीड: मग दोन माणसं वाढवा आणि 30 जूनच गाठा. मुदतवाढ मागितली की नाव खराब होतं.

डेटावाला: उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. इथे तर अडलेलं काम तुमच्या टीमकडे नाहीच. माणूस वाढवायचाच तर क्लायंटच्या हिशेब विभागात वाढवा, ते मात्र उपयोगी पडेल. एक माणूस दिवसाला 100 खाती तपासेल असं धरलं, तर 1,100 खात्यांना 11 कामाचे दिवस लागतात. हा आकडा पत्रात आलाच पाहिजे, कारण तारीख त्याच्यावर टांगलेली आहे. मी असं लिहीन:

"30 जूनऐवजी 20 जुलैला सिस्टीम चालू करण्याची परवानगी हवी आहे. 1,100 खात्यांची बाकी आपल्याकडून निश्चित व्हायची आहे. यादी 12 जूनला पाठवतो. 15 ते 29 जून आपली तपासणी. 1 व 2 जुलैला डेटाची दुसरी चाचणी. 6 ते 10 जुलै आपल्या लोकांकडून वापरून पाहणं. त्यातल्या दुरुस्त्या 17 पर्यंत. 18 व 19 ला प्रत्यक्ष स्थलांतर. 22 जूनपर्यंत 500 खाती तपासून झाली नाहीत, तर त्याच दिवशी नवी तारीख कळवू."

शेवटचं वाक्य काढू नका. घसरण महिनाअखेरीला नाही, पहिल्याच आठवड्यात दिसते.

फ्रीलान्सर: माझ्या क्लायंटने मुदतवाढ दिली, पण हप्ता चार महिने अडकवला. आधी पैसे मागा, मग तारीख.

प्रश्नकर्ती: पैशांचा वाद नाहीये इथे. पण हप्ता "सिस्टीम चालू झाल्यावर" असा बांधलेला आहे, तेव्हा तारखेबरोबर तोही सरकेल. हे साहेबांना सांगायला हवं.

क्लायंटच्या बाजूची: मी हिशेबाचं काम करते, म्हणून सांगते. 20 जुलै ही भयंकर तारीख आहे! जुलैची निम्मी बिलं जुन्या सिस्टीममध्ये, निम्मी नव्यात. महिन्याचा ताळा लावताना दोन्हीकडून आकडे गोळा करायचे आणि चूक निघाली की कुठल्या बाजूची ते शोधत बसायचं. 31 जुलैची अखेरची बाकी घ्या आणि 1 ऑगस्टला नव्यात सुरू करा. शिवाय पत्रात सगळा भार आमच्या तपासणीवर दिसतो. डेटा जूनमध्ये पहिल्यांदा आणून पाहिलात, हे तुमच्या बाजूचं. तेही लिहा, नाहीतर आमचे साहेब पहिल्याच परिच्छेदावर भडकतील.

डेटावाला: दुसरं पूर्ण मान्य. ते वाक्य पहिल्याच ओळीत हवं. पहिलं अर्धंच पटतं. महिन्याच्या मध्यावरही न भरलेली बिलं एकेक करून नेता येतात, फक्त एकूण बाकी नेली तर गोंधळ होतो. आणि 1 ऑगस्ट म्हणजे टीम आणखी दोन आठवडे अडकून राहणार.

क्लायंटच्या बाजूची: टीम तुमची अडकते, ताळा आम्हाला लावायचा असतो. दोन्ही तारखा लिहा, प्रत्येकीत काय सोसावं लागेल ते लिहा, आणि निवडू द्या.

नवा टीम लीड: दोन तारखा दिल्या की क्लायंट 20 जुलैच धरणार आणि दबाव आणणार.

प्रश्नकर्ती: तरी दोन्ही लिहिते. यादी 12 ऐवजी उद्याच पाठवता येईल का, ते आधी बघते.