सत्रागणिक टक्केवारी आणि ट्रेंडलाइन

"सहामाहीत ४०, वार्षिकला ५०. २५% सुधारणा! ट्रेंडलाइनही चढती आहे, मग काळजी कसली?"

दोन बिंदूंतून रेघ निघणारच, तिला कल म्हणू नका. लालबागला शिकवणी घेतो, तिथल्या एका मुलाचे गणिताचे शंभरपैकी चार सत्रांचे गुण ४०, ५०, ४०, ५० असे होते. बदल +२५%, −२०%, +२५%. आईने बेरीज करून ३०% प्रगती काढली. ४० वरून ५० म्हणजे २५%च, आणि टक्के असे बेरजेत मिळवता येत नाहीत, कारण दर वेळी पाया बदलतो.

शीटमध्ये A स्तंभात सत्र १ ते ४ आणि B मध्ये गुण भरून `=SLOPE(B2:B5,A2:A5)` टाकलं तर २ आलं, म्हणजे दर सत्राला दोन गुणांची वाढ. शेवटचं सत्र वगळल्यावर तेच ० झालं! मग सहामाहीशी सहामाही आणि वार्षिकशी वार्षिक लावून पाहिलं, तर दोन वर्षांत फरक शून्य. सहामाहीत गुण कमी पडण्याचं कारण साधं होतं. दरवर्षी गणपतीला पंधरा दिवस कोकणात, आणि परत आल्यावर लगेच सहामाही. (गणपती बंद करा असं म्हणत नाहीये हो!) आता त्या पंधरवड्यातले धडे आम्ही ऑगस्टमध्येच उरकतो.