टीएमटीच्या रिपोर्टवरून शक्यता काढायची सोपी रीत सुचवा

ओपीडीतली_रेसिडेंट: पंचेचाळिशीची बाई, छातीत दुखतं पण अँजायनासारखं नाही. ब्लॉकेजची शक्यता मी आधी १०% धरली होती. टीएमटी पॉझिटिव्ह आली. सेन्सिटिव्हिटी ६८% आणि स्पेसिफिसिटी ७७% धरून पुढचा हिशोब उभ्या उभ्या कसा करता? नोमोग्राम नको, माझी पट्टी दरवेळी सरकते.

गणितवाला: ०.६८ भागिले ०.२३, म्हणजे पॉझिटिव्हचा लाइकलिहूड रेशो जवळपास ३. दहाला तिनाने गुणा, ३०%. झालं.

जुना_फिजिशियन: हीच रीत ५०% वाल्या पेशंटला लावा, १५०% येतील! रेशो शक्यतेला लावायचा नसतो, ऑड्सला लावायचा. १०% म्हणजे एक आजारी, नऊ नाहीत, १:९. डावा आकडा तिप्पट केला की ३:९. एकूण बारा, त्यातले तीन, म्हणून २५%. पन्नासवाल्याचे १:१ चे ३:१ होतात, ७५%. टक्के अगदी शेवटी काढायचे. तुमचं उत्तर जवळ आलं ते शक्यता कमी होती म्हणून, तिथे दोन्ही आकडे फारसे वेगळे नसतात.

सई_क: माझ्या वडिलांची टीएमटी पॉझिटिव्ह आलीये. म्हणजे ब्लॉकेजची शक्यता ६८% ना?

जुना_फिजिशियन: नाही. ब्लॉकेज असलेल्यांपैकी ६८% जणांची पॉझिटिव्ह येते, एवढंच तो आकडा सांगतो. वडिलांची शक्यता वय, त्रास आणि बाकीच्या गोष्टींवरून आधी ठरेल, मग रिपोर्ट. ते त्यांच्या डॉक्टरांशीच बोला.

गणितवाला: बरं, मग निगेटिव्ह आली की सुटलो?

जुना_फिजिशियन: ०.३२ भागिले ०.७७, साधारण ०.४. साठीचा, सिगारेट ओढणारा, चालताना दुखतं आणि उभं राहिलं की दुखायचं थांबतं, असा माणूस घ्या. आधीच ८०%, म्हणजे ४:१. निगेटिव्हनंतर १.६:१, अजूनही साठाच्या वर. त्याला टीएमटीला पाठवण्यातच फारसा अर्थ नव्हता.

शिफ्टवाला: मी तर नुसती बेरीज करतो. रेशो २ असेल तर १५ टक्के मिळवा, ५ ला ३०, १० ला ४५. कागद लागत नाही.

जुना_फिजिशियन: मधल्या पट्ट्यात चालतं. ८० मध्ये ४५ मिळवून बघा.

एको_रूम: एक राहिलं. एसटी १ मिमी खाली गेलं काय आणि ३ मिमी गेलं काय, दोन्हींना तोच ३ लावणं मला पटत नाही. खोल डिप्रेशनचा रेशो मोठा असणार. शिवाय टीएमटीनंतर स्ट्रेस एको करून दोघांचे रेशो सरळ गुणू नका. एकाच कारणाने दोन्ही चुकत असतील तर तोच पुरावा दोनदा मोजला जातो.

ओपीडीतली_रेसिडेंट: गुणोत्तराची रीत जमली. पण आमचे सर म्हणतात, हिला १०% जास्त झाले, ५% धर. मग १:१९ चे ३:१९, म्हणजे १४%. मी २५ म्हणते. कुणाचं धरायचं?

जुना_फिजिशियन: १४ आणि २५ मध्ये तुमचा पुढचा निर्णय बदलतो का? नसेल तर वाद कशाला.

एको_रूम: बदलतो की. २५ ला मी सीटी अँजिओ सांगेन, १४ ला कदाचित नाही.