युनिकची बेरीज करू नका

> "रोजचे युनिक व्हिजिटर जोडले तर ९३० होतात, महिन्याच्या रकान्यात मात्र ४१०च. काउंटर बिघडलाय का?"

नाही हो, बेरीज चुकतेय. पेज व्ह्यू जोडता येतात, युनिक नाही. सोमवारी आलेला मंगळवारीही आला, तर दोन्ही दिवशी एकेकदा मोजला जातो, महिन्यात मात्र एकदाच.

मी एकदा स्वतःच्याच साइटवर करून पाहिलं. सकाळी फोनवर तीन पानं उघडली, एक रिफ्रेश केलं: चार व्ह्यू, एक व्हिजिट. तासाभराने त्याच फोनवर आणखी एक पान उघडलं, तर व्ह्यू पाच आणि व्हिजिट दोन, कारण अर्धा तास काहीच हालचाल नसली की बहुतेक काउंटर पुढची भेट नवीन धरतात. युनिक अजून एकच. रात्री लॅपटॉपवर साइट उघडली आणि माझे दोन युनिक झाले! कुकीवर चालणारा काउंटर माणूस ओळखत नाही, ब्राउझर ओळखतो.

त्यामुळे तुमचे ४१० म्हणजे ४१० माणसं असंही समजू नका. सफारीत अशा कुकीज बऱ्याचदा सात दिवसांत पुसल्या जातात, म्हणजे आयफोनवरून दर पंधरवड्याला येणारा जुना वाचक प्रत्येक वेळी नवा पाहुणा ठरतो. आयपी पत्त्यावर मोजणाऱ्या जुन्या काउंटरचं उलटं, तिथे अख्खं ऑफिस एकच माणूस.