‘एक तरी सहा’च्या उलट काय?

गुहागरची वहिनी: गणपतीत सगळे घरी जमले होते. लाइट गेली म्हणून कंदिलाच्या उजेडात लुडो काढला. भाच्याने मध्येच कोडं घातलं, ‘फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडायची शक्यता किती?’ सासूबाई म्हणाल्या, ‘किमान कशाला, एक तरी म्हण की.’ दोन्हींचा अर्थ एकच का? आणि त्याच्या वहीत ‘पूरक घटना’ असं काहीतरी लिहिलंय. ते इथे कशाला?

देवगडकर: अर्थ एकच. सहा एकदा पडो, दोनदा पडो नाहीतर चारही वेळा, ‘एक तरी’ खरंच ठरतं. ‘एकच’ म्हटलंत तर मात्र गोष्ट वेगळी. उत्तर सोपं आहे. एका टाकण्यात १/६, मग चारांत ४/६. पूरकबिरक काही लागत नाही.

दापोलीचे नाना: शब्दाचं पटलं, गणिताचं नाही. या हिशेबाने सहा वेळा टाकला की सहा पडलाच पाहिजे. सात वेळा टाकला तर ७/६. लुडोत घर उघडायची वाट बघत बसलेल्याला विचारा.
सरळ मोजायला गेलं तर ‘एक तरी’त एक, दोन, तीन, चार असे सगळे सहा येतात, त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा हिशेब करावा लागतो. उलट बाजूला एकच गोष्ट आहे, एकही सहा नाही. म्हणजे प्रत्येक वेळी पाचांपैकी एक आकडा: ५×५×५×५ = ६२५. एकूण प्रकार ६×६×६×६ = १२९६. उरले ६७१. ते भागिले १२९६, म्हणजे शंभरात जवळपास बावन्न.

देवगडकर: मग माझे ४/६ कुठून आले? बेरीज तर चुकलेली नाही ना?

नाना: नाही चुकली. तुम्ही डाव मोजले नाहीत, सहा मोजलेत. ते ६७१ उकलून बघा: एकच सहा असलेले ५००, दोन असलेले १५०, तीन असलेले २० आणि चारही सहा असा १. आता त्यांतले सहा मोजा. ५००, ३००, ६० आणि ४, मिळून ८६४. ८६४ भागिले १२९६ म्हणजे बरोबर ४/६. चार टाकण्यांच्या एका डावात सरासरी इतके सहा पडतात. पण काही डावांत दोन-दोन, तीन-तीन पडतात, म्हणून सहा दिसलेले डाव त्याहून कमी.

वहिनी: नाना, उलट म्हणून मी वहीत ‘एक तरी सहा नाही’ असं लिहिलं होतं. भाचा हसला.

नाना: हसू दे, पण वाक्य निसरडं आहे. त्याचा अर्थ ‘एका तरी वेळी सहा सोडून दुसरं काही पडलं’ असाही होतो. सहा, सहा, सहा, दोन असं दान पडलं तर तेही खरं आणि ‘एक तरी सहा’ही खरं. दोन्ही एकदम खरी ठरली तर ती एकमेकींची पूरक कसली? इथे सगळं काम ‘ही’ करतो: एकही सहा नाही.

मालवणचा: आमच्यात तो ‘व’ करता. ‘एकव सहा पडूक नाय.’
पण माझा प्रश्न वाळवणाचा आहे. समजा श्रावणात रोज उघाडीची शक्यता १/६ धरली, तर चार दिवसांत एक तरी उघाडी मिळायची शक्यता बावन्न टक्के ना? पापड वाळत घालायचे आहेत.

नाना: घालू नका. फाशाला मागचं दान आठवत नाही, म्हणून ५/६ चारदा गुणता आलं. पाऊस लागला की लागूनच राहतो. त्यामुळे चारही दिवस ओले जायची शक्यता फाशाच्या हिशेबातल्या अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त आणि उघाडीची बावन्नपेक्षा कमी. ‘एकही उघाडी नाही’ ही शक्यता काढून १ मधून वजा करणं तिथेही चालतंच. चालत नाही तो गुणाकार.

वहिनी: आणि ‘पूरक’? भूमितीत पूरक कोनांची बेरीज १८० असते, त्याचा इथे काय संबंध?

नाना: दोघांनी मिळून पूर्ण करायचं, एवढाच. कोनात १८० अंश, इथे १. इंग्रजीतून शिकलेल्यांचा आणखी घोळ होतो. तिकडे ‘कॉम्प्लिमेंटरी’ कोन नव्वदचे, त्यांना आपण कोटिकोन म्हणतो, आणि घटनेच्या बाबतीत मात्र त्याच शब्दाला ‘पूरक’.

देवगडकर: म्हणून म्हणतो, ‘उरलेली घटना’ म्हणा. १२९६ मधून ६२५ गेले, उरले ६७१.

नाना: मग या गणितात उरलेली कुठली, ६७१ की ६२५?

वहिनी: सासूबाईंचं मत ‘उरलेली’ला. भाचा म्हणतो, पेपरात तसं लिहिलं तर मार्क कापतील.