मदत हवी आहे: पोर्तुगीज वर्गासाठी आई आणि वर्गशिक्षिकेचा संवाद

डिचोलीची आई
नमस्कार. मी पणजीला पोर्तुगीज शिकते, आता मधल्या पातळीवर आहे. नवरा लिस्बनजवळ कामाला आहे. पुढच्या वर्षी मी आणि मुलगा तिकडे जाणार, तो सातवीत बसेल. वर्गात मला आणि एका मैत्रिणीला एक संवाद सादर करायचा आहे: पोर्तुगालमधल्या शाळेची पालकसभा, आई आणि वर्गशिक्षिका. मला तो नुसता गुणांपुरता नकोय, तिकडे गेल्यावर खरोखर तोंडी यावा असा हवाय. उच्चार देवनागरीत देते.

शिक्षिका: उ सेउ फील्यु तैं फाल्तादु आश आउलाश. – तुमचा मुलगा तासांना गैरहजर राहतोय.
आई: एल श्तेव दुएन्त. – तो आजारी होता.
शिक्षिका: तैं दोइश आ पुर्तुगेश. – पोर्तुगीजमध्ये त्याला दोन आहेत.
आई: केरु साबेर पुर्के. – का ते मला कळायला हवं.

व्याकरण बरोबर आहे असं बाई म्हणाल्या, पण मला तो कोरडा वाटतो. आणि हे दोन कितीपैकी?

पर्वरीकर
शिक्षिकेशी बोलताना 'वोसे' घाला, तो आदराचा शब्द. आईची वाक्यं लगेच मऊ होतील. मी ब्राझीलच्या लोकांबरोबर काम केलंय, ते सगळे तसंच बोलतात.

फोंड्याचा राजू
माझा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथे शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे थोडी थोडी मिनिटं मिळतात, वेळ आधी घ्यावी लागते. प्रवेशासाठी कागद काय लागतात ते मी त्याला विचारून सांगू का?

डिचोलीची आई
राजूदादा, प्रवेशाचं नंतर नक्की विचारेन. आत्ता फक्त संवादाचं अडलंय.

सेतुबालहून परतलेली
ताई, माझी मुलगी तिकडेच शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा बदला. सगळ्या पालकांच्या सभेत वर्गशिक्षिका, म्हणजे 'दिरेतोरा द तुर्मा', एकेका मुलाचे गुण आणि खाडे काढत नाही. त्यासाठी आठवड्यातून तिची पालकांना भेटायची ठरलेली वेळ असते. तुमचा संवाद त्या भेटीत ठेवा. शाळेच्या कागदावर तुम्ही 'एंकारेगादा द एदुकासांव', मुलाची जबाबदारी घेतलेली व्यक्ती. दारातच तशी ओळख द्या.

आता खाड्यांचं. 'तैं फाल्तादु' म्हणजे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यावर 'श्तेव दुएन्त' एवढंच म्हटलं तर एका आजारपणाने सगळे खाडे झाकल्यासारखं होतं, आणि बाई पुढचा प्रश्न विचारणारच. दिवस सांगा, आणि बाकीचं माहीत नसेल तर तसंच म्हणा:

आई: ना सगुंदा श्तेव दुएन्त. दाश ओत्राश फाल्ताश नांव साबिया. – सोमवारी तो आजारी होता. बाकीच्या खाड्यांचं मला माहीत नव्हतं.

खाड्याचं कारण तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत लेखी द्यायचं असतं. सातवीला विनाकारण खाड्यांची मर्यादा त्या विषयाच्या आठवड्याच्या तासांच्या दुप्पट. आठवड्याला चार तास असतील तर आठ. निम्मे, म्हणजे चार झाले की घरी बोलावणं येतं. तुमच्या संवादातली आई याच बोलावण्यावरून आली आहे असं दाखवा, मग शिक्षिकेचं पहिलं वाक्य आपसूक खरं वाटेल.

गुण पाचपैकी असतात, तीनला पास. पण मुलगा नवखा असेल तर दोनवर 'का' विचारण्यापेक्षा हे विचारा की पोर्तुगीज मातृभाषा नसलेल्या मुलांच्या विषयात त्याला घातलंय का. सुरुवातीच्या आणि मधल्या पातळीला तो नेहमीच्या पोर्तुगीजच्या जागी असतो.

कोरडेपणा 'केरु'मुळे आहे. आपण नाही का म्हणत, 'बाई, जरा विचारायचं होतं'? आत्ता विचारायचं असूनही भूतकाळ. पोर्तुगालमध्येही नेमकं तेच:

आई: केरिया साबेर कोमु पोसु आजुदार एं काझा. – घरी मी काय मदत करू शकते ते विचारायचं होतं.

पर्वरीकर, ब्राझीलचं तुमचं बरोबर, पण पोर्तुगालमध्ये शिक्षिकेला 'वोसे' म्हटलं तर पुष्कळांना तुटक वाटतं. तिथे 'आ प्रुफेसोरा आशा कि...' म्हणतात, म्हणजे समोर बसलेल्या बाईंनाच 'बाईंना काय वाटतं' असं विचारणं.

पर्वरीकर
हे मला माहीत नव्हतं. पण आमच्या आजोबांच्या तोंडी 'सेन्योरा दोतोरा' असायचं. ते नको?

सेतुबालहून परतलेली
काही शाळांत चालतं, विशेषतः वयस्क बाईंशी. मी कधी वापरलं नाही.

म्हापशेकर मास्तर
मी तरी 'दोतोरा'च म्हणायला सांगेन. जास्त आदराने कुणी रागावत नाही.

डिचोलीची आई
ताई, मनापासून आभार. शिक्षिका झालेल्या मैत्रिणीला खाड्यांचं आत्ताच पाठवते. 'प्रुफेसोरा' की 'दोतोरा' ते बाईंना विचारते. एकच राहिलं: मुलाला भेटीला बरोबर न्यायचं की आईने एकटीनेच जायचं?