मदत हवी आहे: नवीन ऑपरेटर आणि सात वर्षं जुना ऑपरेटर, पगारात फरक फक्त १३०० चा

शिरोली_शॉप:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत मामांचं मशीन शॉप आहे, पगार-हजेरीचं सगळं मी बघतो. व्हीएमसी आणि सीएनसीवर १४ ऑपरेटर. यंदा पाच आयटीआयची पोरं घेतली, १९,५०० च्या खाली कुणी यायलाच तयार नाही, कागलला तेवढा रेट मिळतोयच म्हणे. आता झालंय असं की तीन-चार वर्षं जुने चौघं साधारण २०,००० वर आहेत, सात वर्षंवाले तिघं २०,८०० आणि बारा वर्षांच्या वरचे दोघं २३,५०० (सगळे आकडे ग्रॉस). स्लिपा काय लपत नाहीत, टपरीवर चहा पिताना सगळं कळतं. एक सेटर म्हणाला, "मी ज्याला टूल धरायला शिकवलं त्याच्यापेक्षा मला हजार रुपयं जास्त, मग मी कशाला शिकवू?" तेव्हापासून खरंच शिकवायचं बंद केलंय आणि नवीन पोरांचं रिजेक्शन वाढलंय.
मामा म्हणतात सगळ्यांना सरसकट १० टक्के देऊन टाकू, विषय संपला. बरोबर होईल का?

रंकाळा_वारा:
द्या की मग १० टक्के, सगळे खूश. जास्त किस काढू नका भावा.

स्नेहल_पगारपत्रक:
सरसकट १० टक्क्यांनी विषय संपत नाही, जिथल्या तिथं राहतो. १९,५०० चे २१,४५० होतील आणि २०,८०० चे २२,८८०. आधी फरक पावणेसात टक्के होता, नंतरही तेवढाच. तुमच्या १४ जणांचा महिन्याचा पगार होतो २,८६,९००, म्हणजे साधारण २८,७०० दरमहा जास्त जाणार आणि सेटरचं गाऱ्हाणं आहे तसंच. एक विचारते, दरवर्षीची वाढ तुम्ही टक्क्यांत देता की रकमेत?

शिरोली_शॉप:
रकमेत ताई. सगळ्यांना सारखे हजार-बाराशे. सात वर्षांपूर्वी लागणारा १३,५०० वर लागायचा.

स्नेहल_पगारपत्रक:
मग कारण तिथंच आहे. सात वर्षांत जुन्याचे वाढले ७,३०० आणि त्याच काळात नवीन माणसाचा बाजारातला रेट वाढला ६,०००. मधले १३०० ही त्याच्या सात वर्षांची किंमत झाली, वर्षाला १८५ रुपये. शिवाय सारखी रक्कम दिली की वरच्या माणसाचा टक्का दरवर्षी कमी होत जातो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही कारण ऐकायला ते अगदी न्यायाचं वाटतं.

पन्हाळा_पायथा:
आमच्याकडं युनियनच्या करारात पण असंच, सगळ्यांना सारखा आकडा. माझा सल्ला, जुन्या लोकांना एकरकमी २०-२५ हजार द्या आणि पगार तसाच ठेवा. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मालकाला परवडतं.

स्नेहल_पगारपत्रक:
अर्धं पटतं. मागं जे बुडालं त्याची भरपाई म्हणून एकरकमी चालेल. पण पुढच्या महिन्याच्या स्लिपवर फरक परत १३०० च दिसणार आणि पैसे संपले की माणूस कागलला जाणार.

राजारामपुरी_सर:
मी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं ठोक पगारावर आहे, गेल्या जूनमध्ये लागलेल्या मॅडमना माझ्यापेक्षा ७०० जास्त. तक्रार कुठं करायची? लेबर ऑफिसात घेतील का?

रंकाळा_वारा:
सर, वेगळा धागा काढा, इथं वेल्डिंग-टर्निंगवाले जमलेत 😄

गोकुळशिरगाव_फोरमन:
मी २० वर्षं शॉपफ्लोअरवर आहे, एवढंच सांगतो की नुसती वर्षं मोजू नका. आमच्याकडं आठ वर्षं फक्त लोड-अनलोड करणारा आहे आणि तीन वर्षांत स्वतः सेटिंग मारून फर्स्ट पीस पास करणारा पण आहे. चार पायऱ्या करा. पहिली नवीन. दुसरी, स्वतः सेटिंग करतो. तिसरी, ऑफसेट आणि प्रोग्राममध्ये बदल करतो, दुसऱ्याला शिकवतो. चौथी, नवा जॉब पहिल्यापासून बसवतो. कोण कुठं ते फोरमनबरोबर बसून मशीनवर बघून ठरवा, ऑफिसात बसून नको. आणि यादी भिंतीवर लावा.

स्नेहल_पगारपत्रक:
दादांच्या पायऱ्यांवरच आकडे बसवू. पाया १९,५००. दुसरी पायरी त्याच्यावर ८ टक्के म्हणजे साधारण २१,०००, तिसरी २० टक्के म्हणजे २३,५०० च्या आसपास, चौथी ३३ टक्के म्हणजे २६,०००. हे टक्के काही देवानं सांगितलेले नाहीत, कागलला सेटरला काय मिळतं ते विचारून कमीजास्त करा. आता चौघं दुसऱ्या, तिघं तिसऱ्या आणि दोघं चौथ्या पायरीवर धरले तर कमी पडतात ४,०००, ८,१०० आणि ५,०००, एकूण १७,१०० दरमहा. वर बेसिकवर पीएफ वगैरे धरा, तरी मामांच्या २८,७०० पेक्षा बरंच कमी.

शिरोली_शॉप:
ताई हे मामांना पटेल, पण एकदम १७,००० म्हटलं की चेहरा पडणार. आधी फक्त सात वर्षंवाल्या तिघांचं करू का? नाराज तेच आहेत.

स्नेहल_पगारपत्रक:
ते मात्र करू नका! तिघं २३,५०० वर गेले की बारा वर्षंवाल्या दोघांच्या बरोबर येऊन बसतील, म्हणजे तोच घोळ एक मजला वर. त्यापेक्षा प्रत्येकाची अर्धी तूट आत्ता आणि अर्धी सहा महिन्यांनी भरा. तिघं २२,१५०, दोघं २४,७५०, चौघं २०,५०० आणि मग दुसऱ्या हप्त्यात पूर्ण. तारीख पण जपून घ्या. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, तिघं ती ओलांडणार. वाढ १ एप्रिलला किंवा १ ऑक्टोबरला दिली तर ते त्याच दिवशी बाहेर. मे मध्ये दिली तर सप्टेंबरपर्यंतचं योगदान चालू राहतं आणि त्याच्यावरचे फायदे पुढच्या जानेवारी ते जून मिळतात. तेवढ्या वेळात त्यांचा ग्रुप मेडिक्लेम काढून टाका, नाहीतर घरात कुणी ॲडमिट झालं की पगारवाढीलाच शिव्या बसतील. दुसऱ्या पायरीवाले बरोबर २१,००० वर थांबले तर आतच राहतात.

पन्हाळा_पायथा:
आणि जो ऑफर लेटर घेऊन येईल त्याचंच फक्त वाढवायचं, हा धंदा आमच्या मालकानं केला. आता पोरं वर्षातनं दोनदा मुद्दाम इंटरव्ह्यूला जातात.

गोकुळशिरगाव_फोरमन:
सुपरवायझरला किती आहे तुमच्याकडं?

शिरोली_शॉप:
२७,०००. त्यांना ओव्हरटाईम नाही.

गोकुळशिरगाव_फोरमन:
मग बघा. चौथ्या पायरीवाला २६,००० आणि त्याला डबल रेटनं ओव्हरटाईम, चार रविवार आला की साहेबाच्या पुढं गेला. हे आज ना उद्या मामांसमोर येणारच, आत्ताच कानावर घालून ठेवा.

शिरोली_शॉप:
खरंय. मामांना दोन हप्त्यांचं गणित दाखवलं, मे-नोव्हेंबरला हो म्हणालेत, सुपरवायझरचा विषय काढल्यावर उठून फाउंड्रीत गेले. पुढची भरती करताना पाया वाढला तर त्याच महिन्यात वरच्या तिन्ही पायऱ्या तपासायच्या एवढं लिहून घेतलंय. एकच अडकलंय, सात वर्षंवाल्या तिघांतला एक फोरमन दादांच्या त्या आठ वर्षंवाल्यासारखाच आहे, सेटिंग येत नाही. यादीत तो पहिल्या पायरीवर, कालच्या पोरांबरोबर. पगार कापायचा प्रश्नच नाही, पण भिंतीवर त्याचं नाव तिथं कसं लावू?

गोकुळशिरगाव_फोरमन:
त्याला आधी सहा महिने सेटरच्या हाताखाली द्या, यादी मग लावा.

स्नेहल_पगारपत्रक:
मला नाही पटत दादा. यादी थांबली की बाकीच्या आठ जणांना वाटणार मालकाच्या मर्जीनं चाललंय. त्याला आधी एकट्याला बोलवून सांगा आणि यादी ठरल्या दिवशी लावा.