मनातला भाव आणि मिळालेला भाव: स्लिपेज मोजण्यात अर्थ आहे का?

गुहागरचा नवखा
सहा महिने इंट्राडे करतोय, फक्त शेअर्स. वहीत दोन रकाने आहेत, ठरवलेला भाव आणि मिळालेला भाव. 82 नोंदी झाल्या. सरासरी फरक जवळजवळ शून्य येतो, तरी खातं आटतंय. मोजायची पद्धत चुकतेय, की हा सगळा खटाटोपच फुकट?

मिऱ्याबंदर
फुकट. मार्केट ऑर्डर टाकणं बंद कर, लिमिट लाव. ठरवलेलाच भाव मिळतो, स्लिपेज शून्य. पाच-दहा पैशांच्या वह्या भरत बसायला वेळ कुणाला आहे?

देवगडचा आंबेवाला
आमच्याकडे हेच होतं. पेटी वाशीला पाठवताना दलाल फोनवर एक भाव सांगतो, पट्टी येते तेव्हा दुसराच. शिवाय हमाली. तुमचा ब्रोकरपण तसंच करत असणार, जरा विचारा त्याला.

चिपळूणकर
आंबेवाले, हमाली म्हणजे ब्रोकरेज नि कर, ते वेगळ्या रकान्यात जातात. पट्टीतल्या भावाचं मात्र बरोबर बोललात, प्रश्न तोच आहे.

नवख्या, तुझं शून्य बहुतेक खोटं आहे. दोन्ही बाजूंना तू मिळालेल्यातून ठरवलेला भाव वजा करत असशील. माझ्या वहीतला एक व्यवहार बघ. 412 ला 200 शेअर घ्यायचे ठरवले. 120 मिळाले 412.20 ला, उरलेले 80 मिळाले 412.60 ला. सरासरी 412.36, म्हणजे शेअरमागे 36 पैसे जास्त गेले, एकूण 72 रुपये. विकताना 418 ठरवले होते, मिळाले 417.70. इथे तीच वजाबाकी केली तर उणे 30 पैसे येतात, आणि वहीत 36 मधून 30 वळते होऊन सहाच पैसे उरतात! प्रत्यक्षात गेले 66. विक्रीला वजाबाकी उलटी कर, म्हणजे अधिक आकडा नेहमी नुकसानच दाखवेल. नंतर ठरवलेल्या भावाने भागून टक्क्यात लिही, नाहीतर 90 रुपयांचा शेअर नि 3000 चा एकाच तराजूत बसतील.

दुसरं, ठरवलेला भाव लिहितोस कधी?

गुहागरचा नवखा
वजाबाकी तशीच करत होतो, खरंय. भाव संध्याकाळी चार्ट बघून लिहितो. दिवसा कुठे वेळ मिळतो?

चिपळूणकर
मग तो ठरवलेला भाव नव्हेच. मिळालेला भाव समोर दिसत असताना डोळा कॅन्डलमध्ये त्याच्याच जवळचा आकडा शोधतो. बटण दाबायच्या आधी कागदावर खरड, वेळेसकट. जमलं तर दोन आकडे लिही: सिग्नल आला तेव्हाचा भाव आणि बटण दाबतानाचा. त्यांतला फरक हा तुझा उशीर, त्यापुढचा बाजाराचा. पावसाळ्यात इकडे लाइट नि नेट जातं, तेव्हा उशिराचाच आकडा फुगतो. एक्स्चेंजवर आधीच लावलेला स्टॉप तुझं नेट गेलं तरी चालतो, मनात धरलेला चालत नाही.

मिऱ्याबंदर, लिमिटमध्ये स्लिपेज शून्य दिसतं कारण न मिळालेले सौदे तुमच्या वहीत येतच नाहीत. भाव तुमच्या अंगावर येतो तेव्हा ऑर्डर हटकून भरते, पळून जातो तेव्हा रिकामी राहते. हुकलेल्यांचीही ओळ लिहा आणि पुढे तो शेअर कुठवर गेला ते बघा.

मिऱ्याबंदर
हुकलेला सौदा म्हणजे नुकसान नव्हे हो. पैसे खिशातच राहिले ना?

चिपळूणकर
खिशात राहिले, मान्य. पण चालणारे सौदेच जास्त हुकत असतील, तर पद्धत कागदावर जेवढं देते तेवढं तुम्हाला कधीच मिळणार नाही.

मालवणी मुलगी
माझी शंका वेगळी आहे. एन्ट्री आणि स्टॉप एकाच सरासरीत का घालता? माझ्या 64 एन्ट्रींची सरासरी 0.05 टक्के. स्टॉप लागून बाहेर पडले अशा 40 वेळा, तिथे ट्रिगरपासून मोजलं तर 0.14. मात्र त्यातला एकच सौदा 2 टक्क्यांचा आहे, दुपारी कंपनीचा निकाल आला नि भाव धाडकन पडला. तो काढला तर 0.09. काढू का?

मिऱ्याबंदर
काढ की! असं रोज थोडंच होतं?

चिपळूणकर
वेगळं मोजतेस ते उत्तम, स्टॉपला सगळे एकदमच दाराकडे धावतात. पण तो सौदा काढू नकोस. पैसे खरेच गेलेत. येण्याजाण्याचं मिळून 0.19 आणि सौद्यामागे कमाई 0.25 असेल, तर करांआधीच हातात 0.06 उरतात.

मालवणी मुलगी
पण 40 मध्ये एकदा आला म्हणून पुढच्या 40 मध्येही एकदाच येईल, हे कशावरून? शंभरात एकदा येत असेल तर 0.14 जास्त आहे, वीसात एकदा येत असेल तर कमी. मी दोन्ही आकडे लिहून ठेवते, निकालाच्या दिवशी मात्र त्या शेअरला हात लावत नाही.

चिपळूणकर
माझ्याकडेही त्याचं पक्कं उत्तर नाही. नोंदी वाढल्या की कळेल.

गुहागरचा नवखा
म्हणजे माझ्या 82 नोंदी कचऱ्यात?

चिपळूणकर
मिळालेले भाव कॉन्ट्रॅक्ट नोटवरून खरे आहेत, ते ठेव. ठरवलेल्या रकान्यावर काट मार. सोमवारपासून कागद माऊसखाली ठेव.